इंटरकूलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दर उन्हाळ्यात का उडतो? मधल्या प्रेशरचा हिशोब

तक्रार नेहमीची आहे. दोन स्टेजचा, एअर-कूल्ड, १५ हॉर्सपॉवरचा पिस्टन कॉम्प्रेसर. म्हणजे हवा आधी मोठ्या सिलिंडरमध्ये दाबायची, मधल्या इंटरकूलरमध्ये थंड करायची आणि मग लहान सिलिंडरमध्ये पुन्हा दाबायची. टाकीचं प्रेशर १० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. सकाळी मशीन गुमान चालतं. दुपारी दोननंतर इंटरकूलरवरचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसायला लागतो आणि अधूनमधून मोटरचा ओव्हरलोड रिले पडतो. कोणीतरी येतं, इंटरकूलरच्या पंख्या, म्हणजे फिन्स, साफ करतं आणि आवाज बंद होतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. हे सलग तिसऱ्या वर्षी झालं तेव्हा मला फोन आला.

जागा सांगलीजवळ, कुपवाडच्या बाजूची. हळद पॉलिश करून कलर सॉर्टरमधून काढण्याचं शेड. फेब्रुवारी ते मे तिथे हवेत पिवळी भुकटी तरंगत असते आणि कॉम्प्रेसर ठेवला होता पॉलिशच्या ड्रमपासून जेमतेम पंधरा फुटांवर. शेठनी गेल्या गेल्या सांगितलं, "मिस्त्री, सेफ्टी व्हॉल्व्हच खराब आहे. दोनदा बदलला, तरी उडतोय. या वेळी स्प्रिंग थोडी आवळूनच द्या."

ते काही मी केलं नाही, तुम्हीही करू नका. मधल्या स्टेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह नवा असूनही पुन्हा पुन्हा उडतो, म्हणजे बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. या मशीनवर तो ४.२ किलोला सेट होता. म्हणजे इंटरकूलरमध्ये खरोखरच ४.२ किलो होत होते. प्रश्न एवढाच की तिथे किती असायला पाहिजेत.

मी हेच शेठना विचारलं. ते म्हणाले, "टाकीत दहा, स्टेज दोन. मग मध्ये पाच. व्हॉल्व्हच कमी ताकदीचा दिलाय." हा समज इतक्या ठिकाणी ऐकलाय की तो आधी मोडून काढतो, कारण पुढचं सगळं निदान त्यावरच उभं आहे.

हिशोबात गेजवरचा आकडा चालत नाही. गेज बाहेरच्या हवेला शून्य समजतं, पण सिलिंडरला बाहेरची हवासुद्धा दाबच असते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब सुमारे ०.९७ किलो धरायचा. म्हणजे मशीन हवा घेतं ०.९७ ला आणि सोडतं १० अधिक ०.९७, म्हणजे १०.९७ ला. दाब दहा पट नाही, ११.३ पट होतो. हे ११.३ पटीचं ओझं दोन सिलिंडरांत वाटायचं आहे आणि पटी वाटताना वजाबाकी-भागाकाराने अर्धे करायचे नसतात, वर्गमूळ काढायचं असतं.

```
Pi = sqrt(P1 * P2) = sqrt(0.97 * 10.97) = 3.26
```

३.२६ मधून हवेचे ०.९७ वजा केले की गेजवर २.३ किलो उरतात. पाच नव्हे, सव्वादोन-अडीचच्या आसपास.

वर्गमूळच का, हे शेठना मी जमिनीवरून सांगितलं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्याला कुंपण लागतं १३२ फूट. तोच गुंठा ११ बाय ९९ चा अरुंद पट्टा असेल तर कुंपण २२० फूट. क्षेत्रफळ ठरलेलं असेल तर सगळ्यात कमी कुंपण चारी बाजू सारख्या असलेल्या चौकोनाला लागतं. गुणाकार ठरलेला असताना दोन आकड्यांची बेरीज कमीत कमी ठेवायची, तर दोन्ही आकडे सारखे ठेवावे लागतात.

कॉम्प्रेसरमध्ये कुंपण म्हणजे काम, म्हणजेच वीज. हवा दाबली की तापते आणि दर किलो वजनाच्या हवेमागे लागणारं काम तिचं तापमान किती पट झालं यावर ठरतं. इथे तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. अशा लहान एअर-कूल्ड मशीनला दाबण्याचा घातांक १.३ धरला तर ११.३ पट दाबाला तापमान १.७५ पट होतं. ३५ अंशांची हवा एकाच सिलिंडरमध्ये दाबली तर ती २६५ अंशांच्या पुढे जाईल. म्हणूनच १० किलोचं मशीन सहसा दोन स्टेजचं करतात. आता हे १.७५ म्हणजे आपलं क्षेत्रफळ. पहिल्या सिलिंडरची तापमानाची पट आणि दुसऱ्याची पट यांचा गुणाकार १.७५ च राहणार, त्यातून सुटका नाही. बेरीज मात्र आपल्या हातात आहे. दोन्ही स्टेजला सारखं वाटलं तर १.३२ आणि १.३२. प्रत्येक स्टेजला हवा ३५ वरून साधारण १३५ अंशांपर्यंत जाते आणि एका दमात दाबण्यापेक्षा एकूण काम १४ टक्क्यांनी वाचतं. यात अट एक: पहिल्या सिलिंडरमधून निघालेली हवा दुसऱ्यात शिरण्याआधी पुन्हा ३५ अंशांवर यायला हवी. इंटरकूलर त्यासाठीच आहे. तो नसेल तर मधलं प्रेशर काहीही ठेवा, बचत शून्य.

शेठच्या पाच किलोंचं काय होतं? पहिली स्टेज १.५२ पट, दुसरी १.१५ पट. एकूण काम फक्त ४ टक्क्यांनी वाढतं. फक्त चार, हे ऐकून शेठ जिंकल्यासारखे हसले. त्यांचं चुकलं असंही नाही. गुंठ्याकडे परत बघा: ३० बाय ३६.३ फुटांचा तुकडा केला तर कुंपण १३२.६ फूट, चौकोनापेक्षा अर्ध्या फुटाने जास्त. चौकोनाच्या आसपास तुम्ही बरंच इकडेतिकडे सरकलात तरी कुंपण जवळजवळ तेवढंच राहतं. मधलं प्रेशर २.३ ऐवजी २.८ झालं तर, हवा पूर्ण थंड होत असेल तोवर, काम वाढतं पाव टक्क्याच्या आत. तेव्हा विजेच्या बिलासाठी मधलं प्रेशर दशांशापर्यंत जुळवायच्या मागे कोणी लागू नये. तापमानाचं मात्र तसं नाही. मध्ये पाच किलो असले की पहिल्या सिलिंडरमधून हवा १९५ अंशांनी बाहेर पडते. बिल चार टक्क्यांनी वाढतं, पण व्हॉल्व्हवरचं तेल करपून जातं.

आता मूळ दुखणं. मधलं प्रेशर कोणी सेट करत नाही. त्याला नॉब नाही. मोठा सिलिंडर, म्हणजे एलपी, दर फेऱ्याला ठरावीक हवा इंटरकूलरमध्ये ढकलतो आणि लहान सिलिंडर, म्हणजे एचपी, तिथून ठरावीक आकारमान उचलतो. आलेली सगळी हवा उचलली जाईल इतका दाब मध्ये आपोआप उभा राहतो. बनवणाऱ्याने सिलिंडरांचे व्यास निवडले तेव्हाच तो आकडा ठरला. म्हणून तो सरकला की समजायचं, दोनांपैकी एका बाजूचं काहीतरी बिघडलंय. एचपी नीट उचलत नसेल तर गेज चढतं. एलपी नीट ढकलत नसेल, म्हणजे त्याचे व्हॉल्व्ह गळत असतील किंवा सक्शन फिल्टर तुंबला असेल, तर गेज उतरतं आणि टाकी भरायला वेळ लागतो. कूलरच्या जोडणीतून हवा गळत असली तरीही उतरतं, पण ती साबणाच्या पाण्याने लगेच सापडते.

या मशीनचा पहिल्या वर्षीचा आकडा मिळाला हे नशीब. आधीच्या ऑपरेटरने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं: मधलं २.४. इंटरकूलर स्वच्छ, हवा साधारण ४७ अंशांपर्यंत थंड होत असताना २.४ अगदी रास्त आहे. खरं तर एअर-कूल्ड कूलर हवेला कधीच पूर्ण ३५ वर आणत नाही, आणि तेव्हा सर्वांत चांगलं मधलं प्रेशरही वर्गमूळापेक्षा थोडं वर सरकतं. गुंठ्याच्या एका बाजूला तारेऐवजी महागडं दगडी कुंपण घालायचं असेल तर ती बाजू तुम्ही आखूडच ठेवाल. गरम हवा दाबणं महाग, म्हणून दुसऱ्या स्टेजला थोडं कमी काम द्यायचं. यातून एक सोपी खूण मिळते: वाटणी उत्तम असते तेव्हा दोन्ही सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान सारखं असतं. या मशीनवर हिशोबाने एलपीचं १३७ आणि एचपीचं १४७ अंश येतं. म्हणजे चांगलं मशीन.

मी गेलो तेव्हा सकाळी अकराला गेज ३.७ आणि दुपारी अडीचला ४.२. कूलरच्या पंख्यांमध्ये हळदीची पूड तेलाच्या वाफेत मळून पिठल्यासारखी घट्ट बसलेली. जुन्या मिस्त्रीने हेच पाहिलं असणार आणि साफ केलं असणार. कारण समोर दिसतंय, मग पुढे कोण बघतो? पण इथे दोन मिनिटांचा हिशोब करून बघण्यासारखा होता.

कूलर तुंबला की एचपीला गरम हवा मिळते. गरम हवा फुगलेली असते, तेवढ्याच आकारमानात ती कमी बसते, म्हणून ती सगळी उचलली जाण्यासाठी मधलं प्रेशर चढतं. किती, तर केल्विन तापमानाच्या प्रमाणात. कूलरच्या बाहेर येणारी हवा मी मोजली: ८५ अंश. म्हणजे ४७ वरून ८५, केल्विनमध्ये ३२० वरून ३५८. २.४ गेज म्हणजे खरे ३.३७ किलो. ते ३.३७ गुणिले ३५८ भागिले ३२० म्हणजे ३.७७. गेजवर २.८.

घाणीने प्रेशर २.४ वरून २.८ होईल. ४.२ होणार नाही. उरलेले १.४ किलो दुसरीकडून येत होते.

आणि दर वर्षी साफ केल्यावर आवाज का बंद व्हायचा, तेही यातच आहे. ४.२ गेज म्हणजे खरे ५.१७. कूलर साफ करून हवा पुन्हा ४७ वर आणली तर ५.१७ गुणिले ३२० भागिले ३५८, म्हणजे ४.६२, गेजवर साधारण ३.६५. सेफ्टी व्हॉल्व्ह ४.२ चा. तो गप्प बसणारच. सगळे समजायचे, दुरुस्त झालं. तीन आठवड्यांत पुन्हा भुकटी चढायची, दुपारचं ऊन त्यात भर घालायचं आणि पुन्हा ४.२. खरा बिघाड वर्षभर तिथेच असायचा, फक्त पावसाळ्यात आणि थंडीत सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली दबून असायचा.

आता एचपी का उचलत नाही ते शोधायचं होतं. तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, टाकी भरायचा वेळ. ५०० लिटरची टाकी चार मिनिटांच्या आतच भरत होती, नव्या मशीनपेक्षा थोडाच जास्त वेळ. म्हणजे एलपी हवा नीट ओढतोय. ही गोष्ट फसवी आहे, कारण "टाकी वेळेत भरते, म्हणजे मशीन चांगलं" असंच जो तो म्हणतो. एचपीचा व्हॉल्व्ह गळला तर टाकी भरतेच. मधलं प्रेशर चढत चढत गळती भरून काढतं, आणि त्याची किंमत एलपी चुकवतो. या मशीनवर मधले ४.२ असताना एलपीचं काम सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं होतं. ओव्हरलोड रिले त्यामुळेच पडत होता.

दुसरी, गेजचा काटा. चांगल्या मशीनवर मधल्या गेजचा काटा किंचित थरथरतो. इथे तो फेऱ्यागणिक उड्या मारत होता, म्हणजे एचपीमधून दाबलेली हवा उलटी इंटरकूलरकडे येत होती. एचपीचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळला तरी मधलं प्रेशर चढतं, पण असा धक्का सहसा सक्शन व्हॉल्व्हच्या गळतीने बसतो.

तिसरी खूण मला सगळ्यात पटते. इंटरकूलरमधून निघालेला पाइप एचपीच्या हेडमध्ये शिरतो. त्या पाइपचं तापमान कूलरच्या तोंडाशी आणि हेडच्या तोंडाशी, अशा दोन जागी घ्यायचं. मध्ये हवा कुठेच तापत नाही, तेव्हा हेडच्या उष्णतेने होईल तेवढाच थोडा फरक पडावा. इथे हेडच्या बाजूला ३० अंश जास्त होते. एचपीतून परत फेकली जाणारी गरम हवाच ती. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत तांब्याच्या पाइपवर तो बराच कमी आकडा दाखवतो. दोन्ही जागी मॅट काळ्या हीटप्रूफ रंगाचा ठिपका द्या आणि ठिपक्यावरच मोजा. नाहीतर तुम्ही आकड्यांवर नाही, चकाकीवर निदान कराल.

मेन स्विच बंद करून कुलूप घातलं, टाकी आणि इंटरकूलर दोन्ही रिकामे केले. इंटरकूलरचं प्रेशर लोक विसरतात. टाकीचं गेज शून्य दिसलं म्हणून हेडचे बोल्ट सोडायला घेतात आणि मधल्या पाइपात तीन किलो तसेच असतात. एचपीचं हेड उघडलं. सक्शन व्हॉल्व्हच्या बैठकीवर कार्बनची खपली चिकटलेली आणि तिच्यामुळे प्लेट एका बाजूने उघडी राहत होती. प्लेटवर तिरकं बसल्याची झीज स्पष्ट होती. डिलिव्हरी व्हॉल्व्हवरही काळा थर, पण तो धरत होता.

हा कार्बन आला कुठून? पुन्हा कूलरमधूनच. ८५ अंशांची हवा एचपीत गेली की बाहेर पडते हिशोबाने १८५ ला, स्वच्छ कूलरच्या १४७ ऐवजी. त्या तापमानाला तेल व्हॉल्व्हवर करपतं. खपली सुटून बैठकीवर अडकली की गळती सुरू, गळतीने तीच हवा पुन्हा पुन्हा दाबली जाते, आणखी तापते, आणखी कार्बन धरतो. म्हणजे घाण हे कारण होतंच, पण दोन वर्षांपूर्वीचं. आज ती साफ केली म्हणून व्हॉल्व्ह बरा होत नाही.

सक्शन प्लेट आणि स्प्रिंग नवीन टाकली, बैठक लॅप करून घेतली, डिलिव्हरीचा कार्बन काढला. गॅस्केट नवीन. कूलर थंड झाल्यावर साबणाच्या पाण्याने भिजवला आणि पंखा ज्या दिशेने हवा मारतो त्याच्या उलट बाजूने हवेने फुंकला. पंख्याच्या बाजूनेच फुंकलं तर पूड आणखी आत ठासते, हे आधीच्या साफसफाईत झालेलं दिसत होतं. तेल बदललं, कॉम्प्रेसरचंच टाकलं. शेडमध्ये आधी इंजिन ऑइलचा डबा होता.

चालू केलं. दुपारी तीन वाजता, बाहेर ३८ अंश असताना, मधलं गेज २.५. एलपी आणि एचपीच्या डिलिव्हरी पाइपांमधला फरक दहा-बारा अंशांवर आला. मोटरचे अँपिअर २१ वरून १८ वर.

जागा बदलल्याशिवाय हे टिकणार नव्हतं. शेठना खर्च नको होता, म्हणून ड्रम आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये पत्र्याची भिंत घातली आणि पंखा बाहेरची हवा ओढेल अशी मागच्या भिंतीला जाळीची खिडकी काढली. सक्शन फिल्टरचा पाइपही त्याच खिडकीतून बाहेर नेला. आणखी एक सुचवलं: कलर सॉर्टरला सहा किलो पुरतात, मग टाकीत दहा कशाला? आठवर आणा. शेठनी लगेच विचारलं, मग मध्ये किती दिसेल? वर्गमूळाने २ किलो यायला हवेत, पण गेजवर जवळजवळ तेवढेच, २.४ च्या आसपास दिसतील, कारण सिलिंडरांचे व्यास बदललेले नाहीत. वाटणी चौकोनापासून थोडी सरकेल, उत्तम वाटणीपेक्षा काम पाव-अर्ध्या टक्क्याने जास्त लागेल आणि दहावरून आठवर आल्याची बचत त्याच्या कितीतरी पट असेल. आठवर आणल्यावर गेज २.३५ होतं.

तुमचं मशीन वॉटर-कूल्ड असेल आणि बोअरचं पाणी वापरत असाल, तर पंख्यांवरच्या हळदीच्या जागी नळ्यांतला क्षार धरा. हिशोब तोच. कूलरमधून निघणाऱ्या हवेचं तापमान मोजा, त्यावरून घाणीमुळे गेज किती चढायला हवं ते काढा, आणि प्रत्यक्ष गेज त्याहून वर असेल तर हेड उघडा.

ऑपरेटरचं नवीन काम एवढंच: रोज दुपारी तीनला मधला आकडा आणि कूलरनंतरचं तापमान खडूने भिंतीवर लिहायचं. जुन्या २.४ च्या खालीच. मे महिन्यात त्याने फोन केला, "मिस्त्री, २.७ आणि ७४ झालंय." ७४ अंशांना हिशोबाने २.६ ते २.७ च येतात. मी म्हटलं, नुसता कूलर धू, हेडला हात लावू नको. संध्याकाळी त्याने पुन्हा सांगितलं, २.४.